एका थेंबाची टक्केवारी

फर्स्ट इयरची जर्नलं तपासायला बसले की मी आधी शेवटची ओळ बघते. प्रयोगाचं नाव, आकृती, कृती हे सगळं मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरलेलं असतं, ते मला ठाऊक असतं. विद्यार्थी स्वतः काय करून आला हे शेवटच्या ओळीत कळतं, आणि ती ओळ असते पर्सेंटेज एररची, म्हणजे शेकडा त्रुटीची. एका वर्षी व्हिनेगरच्या प्रयोगाचा गठ्ठा समोर होता. दुपारच्या बॅचच्या एकामागून एक जर्नलात तीच ओळ: शेकडा त्रुटी ०.०० टक्के. मधेच एका मुलीच्या जर्नलात १.७ टक्के लिहिलेलं होतं आणि त्याच्याभोवती खोडरबराने घासल्याच्या खुणा होत्या. आकडा खोडून तिने पुन्हा तोच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "मॅडम, माझं रीडिंग ७.३ आलंय. ते ७.२ केलं तर चालेल का? सगळ्यांची एरर शून्य आहे."

तिला जे समजावून सांगितलं तेच इथे जरा सावकाश सांगते, कारण ज्यांनी कधीकाळी ब्युरेट हातात धरली आणि मग आयुष्यभर तिचं नाव काढलं नाही, त्यांनाही हे कळण्यासारखं आहे.

प्रयोग साधा. बाजारात मिळणाऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड किती, ते शोधायचं. पद्धत अनुमापनाची, म्हणजे टायट्रेशनची. हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थ सोन्याचांदीचा कस. गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात टांकसाळीतल्या चांदीचा कस मिठाच्या द्रावणाने काढण्याची पद्धत बसवून दिली होती. आपण व्हिनेगरचा कस काढतो, तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने. शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये आम्ल घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि वरच्या ब्युरेटमधून सोडा थेंबाथेंबाने सोडायचा. आम्ल संपेपर्यंत द्रावण रंगहीन राहतं. ते संपल्यावर पडलेला पहिला जादा थेंब सगळं द्रावण फिकट गुलाबी करतो. तिथे तोटी बंद करायची आणि किती मिलिलिटर सोडा लागला ते वाचायचं.

अडचण अशी की सोडा स्वतःच बेभरवशाचा. त्याच्या पांढऱ्या गोळ्या बाटलीबाहेर काढल्या की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषायला लागतात. वजनकाट्यावर चार ग्रॅम दिसले तरी त्यातला खरा सोडा किती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून आधी सोड्याचीच परीक्षा घ्यावी लागते, आणि ती घेण्यासाठी असा पदार्थ लागतो जो वजनाला प्रामाणिक आहे. आमच्याकडे ते काम ऑक्झॅलिक ॲसिड करतं. त्याचे स्फटिक कोरडे असतात, शुद्ध मिळतात, आणि ०.६३ ग्रॅम तोलले की ते ०.६३ ग्रॅमच असतात.

म्हणजे प्रयोग दोन पायऱ्यांचा झाला. पहिल्या पायरीत ऑक्झॅलिक ॲसिडने सोडा मोजायचा, दुसऱ्या पायरीत त्या सोड्याने व्हिनेगर. त्या मुलीच्या जर्नलातले आकडे घेऊनच हिशोब करून बघू.

तिने ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात विरघळवून बरोबर १०० मिली द्रावण केलं. या स्फटिकाच्या एका मोलचं वजन १२६ ग्रॅम. मोल म्हणजे रसायनशास्त्रातला डझन. डझनात बारा वस्तू असतात, मोलमध्ये कणांची एक अवाढव्य पण ठरलेली संख्या असते. वजनाला एका मोलच्या वजनाने भागलं की कणांची मोजदाद हाती येते:

०.६३ ÷ १२६ = ०.००५ मोल, १०० मिलीमध्ये

त्यातले १० मिली तिने पिपेटने फ्लास्कमध्ये घेतले, म्हणजे त्यात ०.०००५ मोल, किंवा सोयीसाठी ०.५ मिलिमोल. ऑक्झॅलिक ॲसिडचा एक रेणू सोड्याच्या दोन रेणूंना पुरून उरत नाही, बरोबर दोघांशी जुळतो:

H₂C₂O₄ + 2NaOH → Na₂C₂O₄ + 2H₂O

म्हणून सोडा लागला १ मिलिमोल. ब्युरेटवर तिचं रीडिंग तीन वेळा १०.४ मिली आलं. असं पुन्हा पुन्हा तेच आलेलं रीडिंग म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आमची मुलं त्याला सीबीआर म्हणतात. हिशोबात हाच आकडा जातो. तर १०.४ मिली सोड्यात १ मिलिमोल, म्हणजे एका मिलीत ०.०९६१५ मिलिमोल. सोड्याची परीक्षा झाली.

आता व्हिनेगर. बाटलीतलं व्हिनेगर तसंच घेतलं तर सोडा फार लागतो, म्हणून १० मिली व्हिनेगरमध्ये पाणी घालून १०० मिली केलं. या पातळ केलेल्या द्रावणातले १० मिली फ्लास्कमध्ये घेतले. त्यात मूळ व्हिनेगर फक्त १ मिली आहे, हे डोक्यात पक्कं ठेवायचं. सीबीआर आला ७.३ मिली.

०.०९६१५ × ७.३ = ०.७०१९ मिलिमोल सोडा

ॲसेटिक ॲसिड आणि सोडा यांचं नातं एकास एक. ॲसेटिक ॲसिडच्या मोलचं वजन ६० ग्रॅम, म्हणजे मिलिमोलचं ६० मिलिग्रॅम. ०.७०१९ ला ६० ने गुणलं की ४२.१ मिलिग्रॅम. हे एका मिली व्हिनेगरमधलं ॲसिड. शंभर मिलीत ४.२१ ग्रॅम, म्हणजे ४.२१ टक्के.

इथे हिशोब संपला असं मुलांना वाटतं. मला तो आता सुरू झाला असं वाटतं, कारण पुढचा प्रश्न असा की हे ४.२१ बरोबर आहे का, आणि बरोबर म्हणजे कशाच्या तुलनेत?

बाटलीवर छापलं होतं ४ टक्के. त्या आकड्याशी ताडून बघितलं तर फरक ०.२१, आणि चाराच्या तुलनेत तो झाला सव्वापाच टक्के. एवढी त्रुटी म्हणजे मुलगी निष्काळजी ठरली. पण बाटलीवरचा आकडा हा व्हिनेगरचा खरा कस नव्हे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड किमान ३.७५ टक्के असलं पाहिजे. कारखानदार त्या रेषेच्या थोडं वरच राहतो आणि लेबलवर एक सोयीचा आकडा छापतो. लेबल हे कमीत कमी इतकं आहे याचं वचन असतं, मोजमाप नसतं. म्हणून प्रयोगाच्या आधी मी त्याच बाटलीतलं व्हिनेगर स्वतः मोजून ठेवते, २५ मिलीच्या पिपेटने आणि ५० मिलीच्या ब्युरेटने, पुन्हा पुन्हा, आणि सरासरी काढते. त्या वर्षी ती आली ४.१४. शेकडा त्रुटी काढायची ती या आकड्याशी:

(४.२१ − ४.१४) ÷ ४.१४ × १०० = १.७ टक्के

प्रयोग तोच, हात तेच, पण भाजक बदलला की सव्वापाचाचे पावणेदोन झाले. म्हणून जर्नलात नुसती त्रुटी लिहून भागत नाही. ती कोणत्या आकड्याशी ताडली हेही लिहावं लागतं. आणि माझा ४.१४ हाही देवाचा आकडा नाही. तोही मोजलेलाच आहे, फक्त जास्त काळजीने.

या ओळीत मुलं एक खास चूक करतात. उत्तर मुळातच टक्क्यात आहे. ४.२१ टक्क्यांतून ४.१४ टक्के वजा केले की ०.०७ टक्के उरतात, आणि तीच शेकडा त्रुटी म्हणून लिहून मोकळे होतात. वजाबाकीने फक्त फरक मिळतो. तो मूळ आकड्याच्या किती टक्के, हे भागल्याशिवाय कळत नाही. दुसरी चूक घाईची. ४.२१ चं मधेच ४.२ केलं तर त्रुटी १.४ टक्के येते. जवळजवळच्या दोन आकड्यांची वजाबाकी असली की मधल्या पायरीत एक आकडा गाळणंही महाग पडतं, म्हणून आकडे शेवटी छाटायचे. पण कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचे १.६९०८२१ सगळे उतरवून काढायचे नाहीत. ०.१ मिलीच्या रेघा असलेल्या ब्युरेटला दशांशानंतरचे सहा आकडे माहीत नसतात.

आता मुलीचा खरा प्रश्न. १.७ टक्के म्हणजे किती वाईट?

याचं उत्तर तिच्या ब्युरेटवरच कोरलेलं होतं. दोन रेघांमध्ये ०.१ मिली अंतर. डोळ्याने वाचताना अर्ध्या रेघेची चूक कोणाचीही होते, आणि प्रत्येक रीडिंगमध्ये आपण दोनदा वाचतो, सुरुवातीला आणि शेवटी. म्हणजे एका रीडिंगमध्ये ०.१ मिलीपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. ७.३ मिलीमध्ये ०.१ म्हणजे १.४ टक्के, १०.४ मिलीमध्ये जवळपास १ टक्का. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तर २.४ टक्के. याचा अर्थ तिचं ४.२१ हे उत्तर ४.११ ते ४.३१ या पट्ट्यातलं काहीही असू शकतं, आणि माझा ४.१४ त्या पट्ट्यात आरामात बसतो. या काचेच्या सामानाने यापेक्षा फार जवळ जाता येत नाही. जवळ जायचं तर मोजमाप मोठं करायचं: १० ऐवजी २५ मिली घेतले की रीडिंग अठरा मिलीच्या आसपास जातं, आणि तीच अर्ध्या रेघेची चूक अडीच पट लहान होते. माझ्या मोठ्या पिपेटमागचं कारण एवढंच.

मी तिला आणखी एक गंमत दाखवली. दोन्ही पायऱ्यांचा हिशोब एकत्र लिहिला तर सोड्याची तीव्रता त्यातून नाहीशी होते आणि उरतं एवढंच:

टक्के = ६ × ७.३ ÷ १०.४

म्हणजे सगळा प्रयोग हा दोन रीडिंगच्या गुणोत्तरावर उभा आहे. समजा तिला रंग जरा गडद झाल्याशिवाय थांबायची सवय नाही, म्हणून दरवेळी एक थेंब जास्त पडतो. थेंब साधारण ०.०५ मिलीचा. एकट्या ७.३ मध्ये एका थेंबाची किंमत ०.७ टक्के आहे. पण तोच जास्तीचा थेंब १०.४ मध्येही पडलेला असतो, आणि भागाकारात तो बराचसा फिटतो. एकूण उत्तरात फक्त ०.२ टक्के फरक उरतो. पिपेटचंही तसंच: तीच पिपेट दोन्ही वेळा वापरली तर तिचा खोट दोन्हीकडे सारखा पडतो आणि निघून जातो. म्हणून मी मुलांना ओरडते ती सवय वाईट आहे म्हणून कमी, आणि सवय मधेच बदलली म्हणून जास्त. पहिल्या पायरीत गडद गुलाबीवर थांबलात तर दुसरीतही तिथेच थांबा. सर्वांत बरं म्हणजे दोन्हीत अगदी फिकट गुलाबीवर थांबा.

फिकट गुलाबी म्हणजे नक्की कोणता क्षण, हेही शिकवावं लागतं. पांढऱ्या टाइलवर फ्लास्क ठेवून हलवत राहिलं की शेवटाकडे गुलाबी छटा येते आणि जाते. अर्धं मिनिट टिकली की अंत्यबिंदू. त्यानंतर फ्लास्क तसाच ठेवला तर काही मिनिटांत रंग पुन्हा उडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात उतरतो आणि तोही आम्लच. नवखा मुलगा हे बघून घाबरतो आणि आणखी दोन थेंब टाकतो. मग त्याची त्रुटी नेहमी एकाच बाजूला जाते: उत्तर वाढतं.

म्हणूनच त्रुटीचं चिन्ह गाळू नका, असं मी सांगते. बरेच जण उणे-अधिक काढून टाकतात, आणि कारण शोधण्याची वाटच बंद होते. गुणोत्तर समोर ठेवलं की चिन्ह वाचता येतं. उत्तर जास्त आलं, म्हणजे एकतर वरचा ७.३ फुगला किंवा खालचा १०.४ आक्रसला. फ्लास्क व्हिनेगरच्याच द्रावणाने विसळला, तर त्यात थोडं जादा आम्ल राहतं आणि वरचा आकडा फुगतो. फ्लास्क फक्त पाण्याने विसळायचा. पिपेट आणि ब्युरेट मात्र ज्याने भरायच्या त्याच द्रावणाने. ब्युरेटच्या तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकला असेल आणि तो व्हिनेगरच्या वेळी सुटला, तरी आकडा फुगतो, कारण ती जागा भरायला गेलेला सोडा फ्लास्कमध्ये पडलेलाच नसतो. आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या वेळी ब्युरेटवर फनेल तशीच राहिली आणि तिच्यातून सोडा टपकत राहिला, तर खालचा आकडा खोटाच लहान दिसतो. तेव्हाही उत्तर वाढतंच.

हाताच्या चुका अशा एक-दोन टक्क्यांच्या, फार तर पाचेक टक्क्यांच्या असतात. त्रुटी त्याहून खूप मोठी निघाली तर ब्युरेटकडे न बघता वहीकडे बघावं. वर्षानुवर्षं जर्नलं तपासून तीन आकडे मला पाठ झालेत. त्रुटी उणे ९० टक्के असेल, तर व्हिनेगर दहापट पातळ केल्याचं हिशोबात विसरलं आहे, उत्तर ०.४२ टक्के आलेलं असतं. उणे ४९ असेल, तर ऑक्झॅलिक ॲसिड दोन सोड्यांशी जुळतं हे विसरून एकास एक धरलं आहे, उत्तर २.११. आणि अधिक ४२ असेल, तर स्फटिकात लपलेलं पाणी विसरलं आहे. ऑक्झॅलिक ॲसिडच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात. त्यांच्यासकट वजन १२६, त्यांच्याशिवाय ९०. बाटलीत स्फटिक आहेत आणि वहीत ९० लिहिलं, की उत्तर थेट ५.९० वर जातं. अशा वेळी प्रयोग पुन्हा करायला लावणं हा मुलाचा वेळ फुकट घालवणं आहे. हात बरोबर होते, एक ओळ चुकली.

आता राहिले शून्य टक्केवाले.

माझा ४.१४ हा आकडा सकाळच्या बॅचकडून दुपारच्या बॅचकडे जिन्यावरच पोचला होता, हे उघड होतं. मुलांनी सगळा हिशोब उलटा चालवला होता: उत्तर ४.१४ हवं, तर रीडिंग किती लिहावं? पण ०.१ मिलीच्या रेघांची ब्युरेट वाटेल तो आकडा बोलू शकत नाही. खालचं रीडिंग १०.४ असेल तर ७.१ मिलीला उत्तर ४.१० येतं, ७.२ ला ४.१५ आणि ७.३ ला ४.२१. मधे काहीच नाही. ४.१४ यायला रीडिंग सुमारे ७.१८ असायला हवं, आणि तशी रेघ त्या ब्युरेटवर नाही. म्हणून त्यांनी ७.२ लिहिलं, खाली हिशोबाच्या ओळी मांडल्या आणि शेवटी गुणाकार न करता ४.१४ उतरवलं. मी कॅल्क्युलेटरवर केला तर ४.१५ येत होतं. फरक एका शतांशाचा, पण तो प्रत्येक वहीत तोच होता.

शिवाय तीन रीडिंग ओळीने ७.२, ७.२, ७.२. खरं टायट्रेशन करणाऱ्याचं पहिलं रीडिंग हे चाचपडण्याचं असतं, ते बहुतेक वेळा पुढे जातं. त्या मुलीच्या तक्त्यात पहिलं रीडिंग ७.६ होतं, मग ७.३, ७.३, ७.३. पहिल्या वेळी तोटी वेळेवर बंद करता आली नाही, हे त्या ७.६ मध्ये दिसत होतं. पुढच्या तीन वेळा ती सात मिलीनंतर थेंबाथेंबाने गेली असणार. तक्ता वाचताना मला तिचा हात दिसत होता. बाकीच्यांच्या तक्त्यांमध्ये कोणाचाच हात नव्हता.

मी तिला म्हटलं, "७.२ केलंस तर तुझं उत्तर ४.१५ येईल, एरर ०.३ टक्के. माझ्याकडून एक मार्कही जास्त मिळणार नाही. आणि उद्या कोणी विचारलं की व्हिनेगर काढल्यावर रंग कधी आला, तर ७.२ ला आला असं सांगशील?"

ती हसली. "नाही मॅडम, ७.३ लाच आला. मी टाइलकडेच बघत होते."

मग तिने शेकडा त्रुटीच्या ओळीखाली स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं लिहिली: उत्तर अपेक्षेपेक्षा १.७ टक्के जास्त आहे. ब्युरेटच्या रेघा ०.१ मिलीच्या असल्याने एवढा फरक शक्य आहे. त्या वर्षीच्या गठ्ठ्यात निष्कर्ष या शब्दाखाली खरोखर निष्कर्ष असलेली ती एकच वही होती. शून्यवाल्यांना मी मार्क दिले नाहीत, पुन्हा ब्युरेट भरायला लावली. त्यांची रीडिंग ७.१ पासून ७.४ पर्यंत पसरली.

पुढच्या वर्षापासून दोन गोष्टी बदलल्या. तक्त्यातली रीडिंग पेन्सिलीने लिहायची नाहीत, पेनने लिहायची, आणि टेबल सोडायच्या आधी त्यावर माझी सही घ्यायची. आणि अपेक्षित आकडा मी दोन्ही बॅच संपल्यावरच फळ्यावर लिहिते.